अमेरिकेत कॅम्पसवर काम: आठवड्याला २० तासच

पोरगं अमेरिकेला शिकायला निघालं की 'तिथं काम करून फी भरेल' असं काही एजंट सांगतात. आधी हिशोब बघा.

तिथल्या केंद्र सरकारची 'वर्क-स्टडी' योजना तिथले नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहे. एफ-१ व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलांना ती मिळत नाही. त्यांना विद्यापीठाच्या लायब्ररीत, मेसमध्ये साधी नोकरी करता येते. पण कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासच. दोन ठिकाणी काम केलं तरी दोन्हींचे मिळून २०. सुट्टीत मात्र पूर्णवेळ चालतं.

पगार तासावर. काम मिळाल्यावर सोशल सिक्युरिटी नंबर काढावा लागतो, त्यासाठी विद्यापीठाचं पत्र लागतं. भरलेल्या तासांचे पैसे बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांनी बँक खात्यात येतात.

केंद्राचा किमान दर तासाला ७.२५ डॉलर, म्हणजे २० तासांचे १४५ डॉलर. बऱ्याच राज्यांत दर जास्त आहे, तरी यातून किराणा निघेल, फी नाही.

कमी पडले म्हणून बाहेर दुकानात परवानगीशिवाय रोखीवर काम केलं, तर तिथं राहायचा हक्कच जातो. म्हणून शिक्षणकर्ज काढताना ही कमाई हप्त्यात धरू नका.