कोरलेला बांध आणि बारा वर्षांची मुदत

गावात जमिनीचा वाद निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘बारा वर्षं कसतोय, आता जमीन आमचीच.’ समोरचाही तितक्याच ठामपणे सांगतो, ‘सातबारा माझ्या नावावर आहे, मला कोण हलवणार?’ दोघंही अर्धंच खरं बोलत असतात. उरलेलं अर्धं कळत नाही म्हणून कुणी आपली जमीन गमावतो, तर कुणी नसलेल्या हक्काच्या भरवशावर वीस-वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो.

कायदा याला प्रतिकूल कब्जा म्हणतो. त्याचं मूळ 1963च्या मुदतीच्या कायद्यात आहे. दुसऱ्याच्या ताब्यातली आपली जमीन मालकीच्या आधारे परत मागायची, तर दावा बारा वर्षांत लावावा लागतो, असं या कायद्याचा अनुच्छेद 65 सांगतो. ही बारा वर्षं मोजायची ती समोरच्याचा ताबा मालकाच्या विरोधात गेला त्या दिवसापासून. मुदत संपली की काय होतं, ते कलम 27 मध्ये आहे. मालकाचा नुसता दाव्याचा हक्क जात नाही, जमिनीवरचा हक्कच संपतो. जमीन बिनमालकाची राहू शकत नाही, म्हणून ती ताबेदाराकडे जाते. म्हणजे कायदा कब्जा करणाऱ्याला बक्षीस देत नाही. मालकाला दाद मागायला तो पुरेसा वेळ देतो आणि नंतर ते दार बंद करतो. पन्नास वर्षांनी साक्षीदार हयात नसतात, कागद सापडत नाहीत आणि ताब्याच्या भरवशावर तिथे घरं, विहिरी, बागा उभ्या राहिलेल्या असतात. वादाला कुठेतरी शेवट हवा, हे त्यामागचं कारण.

बांधाचंच उदाहरण घेऊ. समजा, दोन शेतं लागून आहेत. एका शेताचा मालक पुण्यात नोकरीला आहे, वर्षातून एकदा गावी येतो. जून 2005 मध्ये शेजाऱ्याने मधला बांध काढून पलीकडचे सहा गुंठे आपल्या शेतात घेतले, नव्या हद्दीवर तारेचं कुंपण घातलं, बोअर मारली आणि डाळिंब लावलं. बांधावरची जुनी बाभूळ आता त्याच्या बागेच्या आत आली. ‘आजपासून हे माझं,’ असं त्याने चार माणसांदेखत मालकाला सुनावलं. मुदत इथे सुरू झाली.

2010 मध्ये मालकाने वकिलाची नोटीस पाठवली. शेजाऱ्याने ती घेतली आणि कुंपण तसंच ठेवलं. 2014 मध्ये कंटाळून मालकाने शेत विकलं. नव्या मालकाने सरकारी मोजणी आणली. मोजणीच्या ‘क’ प्रतीवर सहा गुंठ्यांचं अतिक्रमण स्पष्ट दिसलं. शेजारी ऐकेना, तेव्हा 2018 मध्ये त्याने दिवाणी कोर्टात दावा लावला.

बारा वर्षं जून 2017 मध्येच पुरी झाली होती. नोटिशीने मुदत थांबत नाही. उलट मालकाला माहीत असूनही ताबा चालू होता, याचा तो पुरावा ठरतो. विक्रीनेही मुदत नव्याने सुरू होत नाही. जुन्या मालकाच्या काळात गेलेली वर्षं नव्या मालकाच्या खात्यात धरली जातात. मोजणीने हद्द दाखवली, पण ताबा कुणाचा हलला नाही. मुदत थांबली असती ती वेळेत लावलेल्या दाव्याने, ताबा प्रत्यक्ष परत घेतल्याने, किंवा मुदतीच्या आत शेजाऱ्याने ‘जमीन तुमची आहे’ असं सहीनिशी लिहून दिलं असतं तर.

तरी शेजारी आपोआप जिंकला असं नाही. 1908च्या जुन्या कायद्यात, ताबा हिरावला गेल्याची तक्रार घेऊन आलेल्या मालकालाच बारा वर्षांच्या आत आपला ताबा होता हे दाखवावं लागे. 1963 पासून मालकाने मालकी सिद्ध केली की पुरे. पुढचं सगळं ओझं ताबेदारावर येतं. ताबा कोणत्या दिवशी सुरू झाला, तो उघड होता का, अखंड होता का, आणि खऱ्या मालकाला नाकारून होता का, हे त्याला कैफियतीत मांडून पुराव्याने दाखवावं लागतं. म्हणूनच जमीन नुसती पडीक ठेवल्याने कुणाची जात नाही. दर नांगरटीला एकेक तास सरकवत बांध कोरणारा इथेच अडकतो. कोणती पट्टी कोणत्या वर्षी घेतली, हे त्याला सांगता येत नाही. पीकपेऱ्याला नाव लागलं, तर तो ताब्याचा एक पुरावा आहे. त्याने मालकी मिळत नाही.

बहुतेक लोक अडखळतात ते ‘मालकाला नाकारून’ या अटीवर. परवानगीने घेतलेला ताबा कितीही वर्षं चालला तरी प्रतिकूल होत नाही. अर्धलीने कसणारा, राखणदार, भाडेकरू, साठेखतावर ताबा मिळालेला खरेदीदार हे सगळे मालकाच्या संमतीने आत आलेले असतात. गोव्यातल्या एका घरावरून बहीण-भावाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 2012च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की देखभालीसाठी ठेवलेल्या माणसाला लांबलेल्या मुक्कामातून हक्क मिळत नाही. भावकीतही हेच. एक भाऊ मुंबईला, दुसरा शेत कसतो, तेव्हा कसणाऱ्याचा ताबा दोघांच्या वतीने असतो. तुझा वाटा मी मानत नाही, असं उघडपणे सांगून भावाला बाहेर ठेवल्याशिवाय मुदत सुरूच होत नाही. ‘जमीन मी विकत घेतली’ आणि ‘ती तुझी होती पण मी बळकावून ठेवली’ ही दोन म्हणणीही एकत्र टिकत नाहीत.

या कायद्याने बळकावणाऱ्याला बळ मिळतं, ही तक्रार खरी आहे. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच त्यावर कडक शब्दांत टीका करून केंद्र सरकारला फेरविचार करायला सांगितलं. पण 2019 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने, मुदत पुरी झालेला ताबेदार स्वतः वादी होऊनही हक्क जाहीर करून मागू शकतो, असा निकाल दिला. विधी आयोगाने 2023च्या अहवालात मुदत बदलण्याची गरज नाही असं सांगितलं. सरकारी जमिनीसाठी ही मुदत तीस वर्षांची आहे. उलट बाजूने, 2020 मध्ये हिमाचलच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की कल्याणकारी राज्याला नागरिकाची जमीन घेऊन प्रतिकूल कब्ज्याची ढाल पुढे करता येणार नाही.

माझ्या मते कायदा राहायला हवा, पण मालकाने तो ओळखून वागायला हवं. गावापासून लांब राहत असाल तर काही वर्षांनी एकदा हद्द कायम मोजणी करून घ्या. कुणाला कसायला किंवा राहायला दिलं असेल, मग तो सख्खा भाऊ का असेना, तर दोन ओळींचं परवानगीपत्र सहीनिशी ठेवा. आणि अतिक्रमण दिसलं तर तलाठ्याकडचा अर्ज, तंटामुक्तीची बैठक, वकिलाची नोटीस हे सगळं जरूर करा, पण त्यातच वर्षं घालवू नका. मिटलं नाही, तर बारावं वर्ष संपण्याआधी दिवाणी कोर्टात दावा दाखल झालेला असला पाहिजे.