यादी चढते कशी?

होमरच्या ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात ट्रॉयवर चालून आलेल्या ग्रीक जहाजांची लांबलचक यादी आहे. कुठल्या प्रदेशाचा नायक किती जहाजं घेऊन आला, ही नोंद बिओशियापासून सुरू होते आणि नकाशावर बोट फिरवावं तशी पुढे जाते. वॉल्ट व्हिटमननं १८५५ च्या ‘लीव्हज ऑफ ग्रास’मध्ये सुतार, नावाडी, शेतकरी अशी आपापल्या कामात गढलेली माणसं ओळीनं उभी केली. या याद्या मुख्यतः पसरतात, आणि त्यांचा आवाका हीच त्यांची ताकद आहे. दुसऱ्या प्रकारची यादी चढते. तिच्यात प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीपेक्षा जास्त खोल रुतते. कल्पनांच्या अशा चढत्या मांडणीला आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत ‘सार’ अलंकार म्हटलं आहे. दोन-तीन पायऱ्यांचा सार साधणं सोपं असतं. अख्खी कविता तशी चढवायची तर आधी निवड आणि मग क्रम, दोन्ही पारखून घ्यावे लागतात.

एक यादी करून पाहू. कोयना, उजनीसारख्या धरणांच्या पाण्याखाली गावं गेली. अशाच एका घरातून ट्रकमध्ये काय काय चढवलं, एवढाच विषय घेऊ. पहिल्या झपाट्यात सुचेल ते लिहून काढायचं: विळी, घोंगडी, पत्र्याची ट्रंक, तांब्याचा हंडा, पितळेची घागर, कौलं, दाराची चौकट, देव्हारा, रेशनकार्ड, आजी, आठवणी.

आता खोडायचं. ‘आठवणी’ सर्वांत आधी जातात. विळी आणि घोंगडी वाचताना त्या वाचकाच्या मनात आपोआप जमा होत असतात. शब्द उच्चारला की त्याचं काम कवीनंच करून टाकलं असं होतं. हंडा, घागर आणि ट्रंक एकाच वजनाच्या वस्तू आहेत. तिन्ही ठेवल्या तर यादी लांबते, पण जागची हलत नाही. देव्हारा मात्र मोहात पाडतो. तो आला की वाचकाला गहिवर कुठे यायचा हे आधीच कळतं, म्हणून तोही बाजूला ठेवू.

उरलेल्यांचा क्रम कशावर लावायचा? किंमत, आकार, जिव्हाळा अशा अनेक मोजपट्ट्या आहेत, पण कवितेला त्यातली एकच निवडावी लागते. इथे ‘घरापासून सुटायला किती कठीण’ ही मोजपट्टी धरू. विळी नुसती उचलता येते. कौलं उतरवावी लागतात. चौकट उपटावी लागते.

विळी घेतली.
घोंगडी घेतली.
कौलं उतरवून घेतली, फुटकी वगळून.
चौकट उपटून घेतली, मातीसकट.
रेशनकार्ड घेतलं, पत्ता जुनाच.
आजीला घेतलं, मधल्या खांबावरची तिची बोटं एकेक सोडवून.

पहिल्या दोन ओळी मुद्दाम कोरड्या ठेवल्या आहेत. तिथेच भावना ओतली असती तर पुढे चढायला जागा राहिली नसती. तिसऱ्या ओळीपासून तपशील येतो आणि ओळ लांबते. पाचव्या ओळीत चढण मोडते, कारण रेशनकार्ड खिशात मावतं. सलग चौथ्यांदा चढ आला असता, तर वाचकानं पुढचा चढ आधीच ओळखला असता. शिवाय त्या हलक्या कागदावर आता नसलेल्या गावाचा पत्ता आहे, म्हणजे ओळ खाली उतरूनही भार वाढवते.

शेवटची नोंद केवळ सर्वांत मोठी असून भागत नाही. तिच्यामुळे आधीच्या नोंदी नव्यानं वाचाव्या लागल्या पाहिजेत. ‘घेतलं’ हे क्रियापद पाच ओळी सामानासाठी वापरलं आणि सहाव्या ओळीत तेच माणसाला लागलं. ‘उतरवून’, ‘उपटून’ या शब्दांतली जबरदस्ती तिथे उघडी पडते. म्हणून क्रियापद सगळीकडे तेच ठेवलं आहे. शेवटी ‘आजीला सोबत आणलं’ असं लिहिलं असतं, तर वाक्य जास्त सभ्य झालं असतं आणि कविता पाचव्या ओळीतच संपली असती.

यादी खरंच चढते का, हे तपासायला शेजारच्या दोन ओळींची अदलाबदल करून मोठ्यानं वाचावं. इथे विळी आणि घोंगडी यांची जागा बदलली तर फारसं बिघडत नाही. पायथ्याशी तेवढी सैल जागा चालते. कौलं आणि चौकट बदलली तर मात्र चढ लगेच अडखळतो. जिथे अदलाबदल केल्यानं काहीच फरक पडत नाही आणि ती जागा मधली किंवा शेवटची आहे, तिथली एक ओळ बहुधा जादा असते. चांगली जमलेली ओळ खोडायला हात धजत नाही, आणि बऱ्याच याद्या नेमक्या तिथेच सपाट होतात.

या पद्धतीला लांबीची मर्यादा आहे. सहा-आठ नोंदी एका मोजपट्टीवर चढतात, पण चाळीस नोंदी चढत नाहीत. तेवढ्या वेळात वाचकाचा कान बधिर होतो. लांब यादी लिहायची असेल तर ती गटांत तोडून प्रत्येक गटाला वेगळी मोजपट्टी द्यावी, नाहीतर चढण्याचा हट्ट सोडून तिला होमरसारखं मोकळं पसरू द्यावं.