दहा म्हटलं की थांबायचं

सकाळी ९

दवाखाना उघडला की मी सगळ्यात आधी कॉम्प्रेसर चालू करते आणि टाकी भरून तो आपोआप बंद पडेपर्यंत वाट पाहते. घाबरलेलं पोर खुर्चीत असताना हवेचा दाब उतरला आणि मशीन मध्येच घरघरायला लागलं, तर तोवर जमवलेलं सगळं विस्कटतं. पाचोऱ्यात वीज जाऊन येते तेव्हाही हेच होतं. लहान मुलांना मी सकाळच्या पहिल्या वेळा देते. तेव्हा मूल झोप झालेलं, खाल्लेलं असतं आणि बाहेर रांग लागलेली नसते.

बीडीएस झालेले दोन शिकाऊ डॉक्टर सध्या माझ्याकडे येतात. 'सांगा, दाखवा, करा' ही पद्धत त्यांना पाठ आहे. अ‍ॅडलस्टन यांनी ती १९५९ मध्ये मांडली, हेही ते सांगतात. मी त्यांना ट्रे लावायला सांगते: वर फक्त आरसा आणि कापसाचे बोळे. टोकदार प्रोब, एक्स्कॅव्हेटर सगळं रुमालाखाली. जे आज दाखवायचं नाही, ते दिसायलाही नको.

सकाळी ९.३०

वरखेडीहून एसटीनं आजी आणि चार वर्षांची नात आल्या आहेत. नातीनं पदर मुठीत धरलाय. आजी तिला दटावतात, "गडबड करू नको, नाहीतर डॉक्टर सुई देतीन!"

तक्रार अशी की खालच्या डाव्या शेवटच्या दाढेत घास अडकतो. रात्री दुखून उठत नाही, सूज नाही, ताप नाही. ही माहिती मी आधी घेते, कारण त्यावर माझ्याकडे किती वेळ आहे हे ठरतं. मग विचारते, आधी कुठल्या दवाखान्यात काय झालं होतं? आजी सांगतात, तापात सलाइन लावताना दोघांनी धरून ठेवलं होतं. म्हणजे हिला दाताची भीती नाहीच, धरून ठेवतील याची भीती आहे. त्यामुळे आज खुर्ची एकदम आडवी करायची नाही आणि हात दाबायचा नाही.

"आजी, तुम्ही हिच्यासमोरच बसा, पण बोलायचं काम आता माझ्याकडे द्या." खोलीत एकच आवाज हवा. तिघं एकदम समजावायला लागले की मूल कुणाचंच ऐकत नाही.

मी स्टुलावर बसते, तिच्या नजरेच्या पातळीवर. "तोंड उघडशील का?" असं विचारत नाही. विचारलं आणि ती "नाही" म्हणाली, तर ते मानावं लागतं, नाहीतर माझा शब्द तिथंच खोटा ठरतो. मी विचारते, "आधी वरचे दात मोजू की खालचे?" ती बोटानं खाली दाखवते.

मग आरसा. "हा छोटा आरसा. यानं मी दात बघते आणि मोजते." हे सांगणं झालं. तो तिच्या हातात देते, ती त्यात स्वतःचं नख बघते, दांडा गालाला लावते. हे दाखवणं झालं. आणि लगेच, मध्ये दुसरं काही न बोलता, त्याच आरशानं खालचे दात मोठ्यानं मोजते. फक्त मोजते. त्या संधीत दाढ खरवडून बघत नाही.

पुढचा टप्पा शिकाऊ मुलाकडे देते: हळू फिरणाऱ्या मोटरवर रबरी कप लावून दात स्वच्छ करणं. तो छान सुरुवात करतो. मोटर आधी लांब धरून आवाज ऐकवतो, कप आपल्या नखावर फिरवतो, मग तिच्या नखावर. ती थोडी हसते. पहिले चार दात होतात. नंतर दाढ नीट दिसावी म्हणून तो थ्री-वे सिरिंजनं हवा मारतो. ही हवा तिला कुणी सांगितली नव्हती, दाखवली नव्हती.

ती रडत नाही. पण पायाची बोटं आत वळतात, खांदे कानांपर्यंत चढतात, नजर छताला खिळते. रडणं यानंतर येतं. शिकणाऱ्यानं मुलाच्या तोंडाबरोबर त्याचे पाय बघायला शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

मी त्याला थांबवते. "काही नाही झालं" असं आम्ही म्हणत नाही, कारण झालंय. "वारा अचानक आला, आम्ही सांगितलं नव्हतं. आता आधी तुझ्या हातावर." पण त्याआधी एक पायरी मागे जायचं, जे जमलं होतं तिथं: पुन्हा आरसा, पुन्हा चार दात. मग वारा तळहातावर, गालावर आणि शेवटी दातावर. थुंकी ओढणारी नळीही तशीच, आधी तळहाताला, मग ओठाला. ती टाळूच्या मागच्या बाजूला लागली तर ओकारी येते, म्हणून गालाच्या आतच ठेवायची.

कप पुन्हा सुरू करताना मी म्हणते, "दहापर्यंत मोजते, दहा म्हटलं की थांबायचं." नवव्या आकड्याला शिकाऊ डॉक्टर माझ्याकडे बघतो, दाढेचा एक कोपरा राहिलाय. राहू दे. दहाला कप बाहेर. पुढच्या दहात तो कोपरा होतो, आणि या वेळी ती स्वतः मोजत असते.

शेवटी फ्लोराइड वार्निशचा पातळ थर, त्याच क्रमानं. दाढ आज भरत नाही. "शहाणी गं" याऐवजी मी तिला सांगते, "तोंड मोठं उघडून ठेवलंस, म्हणून मला शेवटची दाढ दिसली." आपलं नेमकं काय चांगलं झालं हे तिला कळलं, तर ती पुढच्या वेळी तेच करेल.

केसपेपरवर फ्रँकलची नोंद होते. १ म्हणजे ठाम नकार, ४ म्हणजे आनंदानं साथ. आली तेव्हा २, गेली तेव्हा ३.

सकाळी ११ ते दुपारी १.३०

मोठ्यांचे पेशंट. कवळीचं माप, दोन रूट कॅनॉल.

दुपारी १.३०

डबे उघडल्यावर शिकाऊ मुलगी विचारते, "मॅडम, मग सुईसुद्धा दाखवायची?"

नाही. इथं दाखवण्याची मर्यादा येते. दाखवायची ती संवेदना. जेल बोटानं ओठाला लावून दाखवते, मग हिरडी कोरडी करून जेल लावते आणि एक-दोन मिनिटं खरोखर थांबते. सांगते, "आता इथं दाबल्यासारखं, थोडं टोचल्यासारखं वाटेल, मी पाचपर्यंत मोजते." सिरिंज मुलाच्या नजरेआड हातात येते. "अजिबात दुखणार नाही" हे वाक्य मी कधीच वापरत नाही. थोडंसं जरी दुखलं, तरी त्यानंतर मी सांगितलेलं काहीच मुलाला खरं वाटत नाही.

संध्याकाळी ६

नगरदेवळ्याचा अडीच वर्षांचा मुलगा. गाल सुजलाय, अंगात ताप, काल रात्रीपासून जेवला नाही. शिकाऊ मुलगा सवयीनं आरसा पुढे करतो. मी तो मागे घ्यायला लावते. इतक्या लहान मुलाला सांगितलेलं धरून ठेवता येत नाही, आणि दुखत असताना नवीन काही शिकायला मन तयारच नसतं. आईच्या आणि माझ्या मांडीवर आडवं घेऊन झटपट तपासते, आईला आधी सगळं सांगून. सूज डोळ्याकडे चढतेय का, गिळता येतंय का, श्वास नीट आहे का, हे पाहते. मग चिठ्ठी लिहून त्याला आज रात्रीच जळगावला बालरोगतज्ज्ञ आणि मुलांचे दंतवैद्य दोन्ही मिळतील तिथं पाठवते. भीतीवरचं काम सूज उतरल्यावर, वेगळ्या भेटीत.

संध्याकाळी ७.३०

वरखेडीच्या मुलीची पुढची भेट मंगळवारी ९.३० ला. तिचा क्रम कागदावर लिहून ठेवते, म्हणजे मी नसले तरी तोच पाळला जाईल. सुरुवात आरशानं, कारण तो तिचा ओळखीचा आहे. मग कापसाचे बोळे. मग हातानं चालवायचा चमच्यासारखा एक्स्कॅव्हेटर: आधी त्याची बोथट पाठ तिच्या नखावर, नंतर दाढेवर. दुखलं तर ती डावा हात वर करेल आणि आम्ही लगेच थांबू. हे पाळायचं ठरलं असेल तरच तिला सांगायचं. कीड मऊ असेपर्यंत हातानं काढून ग्लास आयनोमर भरायचं. खरवडताना दुखू लागलं किंवा खड्डा नसेपर्यंत पोचतोय असं वाटलं, तर तात्पुरतं झाकून थांबायचं, आणि भूल देऊन पुढचं काम आणखी एका भेटीत.

आजींसाठी एकच ओळ: घरी चमचा आणि आरसा घेऊन नातीचे दात मोजायचा खेळ खेळा, आणि सुईचं नाव काढू नका.