वजनकाट्याला न दिसणारा ऱ्हास

समजा, 58 वर्षांचे एक गृहस्थ आहेत. उंची 170 सेंटीमीटर, वजन 86 किलो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर किमो सुरू आहे. घरचे म्हणतात, ‘तब्येत तशी धरून आहे’, कारण पोट आणि गाल अजून भरलेले आहेत. शेजारच्या खाटेवरचे रुग्ण तेवढ्याच उंचीचे, पण 64 किलोचे. बघणाऱ्याला काळजी वाटते ती या दुसऱ्यांची.

कर्करोगात स्नायू झिजतात, पण चरबी आणि अंगात साठलेलं पाणी ती झीज झाकून टाकतात. सुदैवाने तिचा पुरावा बहुतेक रुग्णांच्या फाइलमध्ये आधीच असतो. गाठ किती पसरली हे पाहण्यासाठी पोटाचा सीटी स्कॅन होतोच. त्यातला कंबरेच्या तिसऱ्या मणक्याजवळचा एक आडवा काप निवडायचा. या पातळीवर पाठीचे, कंबरेचे आणि पोटाच्या भिंतीचे मोठे स्नायू एकाच चित्रात येतात आणि त्यांचं क्षेत्रफळ सबंध शरीरातल्या स्नायूंशी चांगलं जुळतं. म्हणून हाच मणका.

सीटीच्या चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा असतो. पाणी शून्यावर, चरबी त्याच्या खाली, हाड बरंच वर. उणे 29 ते अधिक 150 या पट्ट्यात बसणारे ठिपके स्नायूंचे धरतात. सॉफ्टवेअर ते रंगवतं, पण आतड्याची भिंतही त्याच पट्ट्यात येते, म्हणून माणसाने बसून नको तो भाग पुसावा लागतो. उरलेल्या क्षेत्रफळाला उंचीच्या वर्गाने भागलं की स्नायू निर्देशांक मिळतो.

आपल्या पहिल्या रुग्णाचे स्नायू भरले 138 चौरस सेंटीमीटर. 1.70 चा वर्ग 2.89, म्हणून निर्देशांक 47.8. दुसऱ्यांचे भरले 142, निर्देशांक 49.1. म्हणजे 22 किलो जास्त वजनाच्या माणसाकडे स्नायू थोडे कमीच आहेत! आणि किमोचा डोस बहुतेकदा उंची-वजनावरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो. त्या हिशेबाने पहिल्याला दुसऱ्यापेक्षा सुमारे 16 टक्के जास्त औषध मिळेल. स्नायू कमी असलेल्या रुग्णांना काही औषधांचा त्रास जास्त होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. स्नायू पाहून डोस ठरवण्याची पद्धत अजून रूढ नाही; पण अशा रुग्णावर डॉक्टरांनी जास्त बारीक लक्ष ठेवावं, आहार आणि व्यायामाची मदत लवकर सुरू करावी, एवढं तर आजही करता येतं.

आता 47.8 म्हणजे कमी का? इथे मात्र सावध राहावं लागतं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली कर्करोगाच्या सुमारे दीड हजार रुग्णांवरून मर्यादा सुचवल्या: स्त्रियांसाठी 41, सडपातळ पुरुषांसाठी 43, वजनदार पुरुषांसाठी 53. त्यानुसार आपले पहिले गृहस्थ कमी स्नायूंचे आणि दुसरे ठीक. जपानमध्ये यकृताच्या रुग्णांसाठी पुरुषांची मर्यादा 42 धरतात. ती लावली तर दोघेही ठीक! शरीराची ठेवण समाजागणिक बदलते, म्हणून कॅनडाची रेघ आपल्याकडच्या माणसावर डोळे मिटून ओढली, तर धडधाकट माणूसही कमी स्नायूंचा ठरू शकतो.

माझ्या मते म्हणूनच एकट्या आकड्यापेक्षा त्याच माणसाच्या दोन स्कॅनमधला फरक जास्त बोलका. पहिल्या रुग्णाच्या चार महिन्यांपूर्वीच्या स्कॅनमध्ये 152 चौरस सेंटीमीटर स्नायू होते असं धरू. आता 138. चार महिन्यांत नऊ टक्क्यांची घट. सरावलेल्या हाताच्या मोजणीतली चूक साधारण एक-दोन टक्क्यांची असते, तेव्हा ही घट खरी मानायला हवी, मग मर्यादा कोणतीही लावा.

अट एवढीच की दोन्ही वेळा मोजणी सारखी हवी. शिरेतून कॉन्ट्रास्ट दिलं असेल तर स्नायूंची घनता वाढलेली दिसते आणि चरबी मुरलेल्या स्नायूंचे काठावरचे ठिपके पट्ट्यात येतात. म्हणून एक स्कॅन कॉन्ट्रास्टचा आणि दुसरा साधा असेल तर तुलना डळमळते. मणका मोजण्यातही गफलत होते. काही जणांच्या कंबरेत पाचाऐवजी सहा मणके दिसतात, त्यामुळे एकदा खालून आणि एकदा वरून मोजलं तर काप वेगळाच निवडला जातो. पोटात पाणी झालेलं असेल, तर ताणलेली पोटाची भिंत इतकी पातळ होते की तिची कड नीट धरता येत नाही.

नुसत्या मोजणीसाठी नवा स्कॅन करू नये, किरणांचा मारा उगाच वाढतो. पण झालेल्या स्कॅनची सीडी मात्र जपून ठेवा. फिल्मवर किंवा कागदावर छापलेल्या चित्रात घनतेचे आकडे उरत नाहीत, ते फक्त सीडीवरच्या मूळ फाइलमध्ये असतात. पुढच्या तपासणीला जाताना जुनी सीडी बरोबर न्या आणि रेडिओलॉजिस्टना विचारा: ‘तिसऱ्या मणक्याजवळचे स्नायू मागच्या वेळेपेक्षा किती बदललेत, हे मोजून सांगता येईल का?’