व्हीलचेअर दारापर्यंत, पुढच्या पायऱ्या आपल्या

गुडघेदुखीने बेजार झालेल्या दादी हैदराबादला लेकीकडे निघाल्या आहेत, असे समजा. मुंबईच्या सीएसएमटीवरून रात्रीची हुसेनसागर एक्स्प्रेस आहे. सोबत नातसून जाणार आहे आणि मुलगा पोहोचवायला आला आहे.

सीएसएमटीवर रूळ संपतात, त्यामुळे मोठ्या दालनातून फलाटावर जायला जिना चढावा लागत नाही. अडचण अंतराची असते. आजचे डबे साधारण 24 मीटर लांब असतात. दादींचा डबा टोकापासून बारावा असेल, तर पावणेतीनशे मीटर चालणे आले. व्हीलचेअर हवी ती यासाठी.

ती स्टेशन मास्तर किंवा उपस्टेशन अधीक्षकांच्या कार्यालयातून मिळते. तिकीट आणि ओळखपत्र जवळ ठेवावे. खुर्चीचे भाडे नसते, पण ती ढकलणाऱ्या हमालाची मजुरी द्यावी लागते. तिचा दर फलकावर लिहिलेला असतो. बिल्ला असलेल्याच हमालाशी आधी बोलून घ्यावे. खुर्च्या मोजक्याच असतात. म्हणून मुलाने दादींना दालनात बसवून आधी कार्यालय गाठावे. पोहोचवायला येणाऱ्याचे फलाट तिकीट 10 रुपयांचे असते आणि ते दोन तास चालते.

खरी कसोटी डब्याच्या दाराशी लागते. खुर्ची आत जात नाही आणि डब्याची जमीन फलाटापेक्षा उंच असते. त्या दोन-तीन पायऱ्या दादींना स्वतःच्या पायांनी चढायच्या असतात. परक्या पुरुषाने दंडाला धरणे अनेक वडीलधाऱ्या स्त्रियांना रुचत नाही. हमालाने फक्त खुर्ची आणि सामान सांभाळावे, हे आधीच सांगून ठेवावे.

नातसुनेने आधी आत जाऊन वर उभे राहावे. मुलाने खुर्चीचा ब्रेक लावावा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर दुमडाव्यात आणि मगच दादींना उठवावे. ब्रेक राहिला तर उठताना खुर्ची मागे सरकते आणि माणूस पडतो. दादींनी दाराचा दांडा धरावा, कमी दुखणारा पाय आधी वर ठेवावा आणि मग दुसरा न्यावा. मुलाने मागून कमरेला आधार द्यावा. हात ओढून वर घेऊ नये, त्याने खांदा दुखावतो आणि तोलही जातो.

हे सारे घाईत होत नाही. मधल्या स्टेशनवर गाडी दोन-पाच मिनिटे थांबते. सुरुवातीच्या स्टेशनवर मात्र ती सुटण्याच्या बरीच आधी फलाटाला लागते. हीच आपली सोय. गाडी रिकामी असताना, गर्दीच्या आधी दादी जागेवर बसल्या पाहिजेत. नमाज घरून अदा करून निघावे, म्हणजे स्टेशनवर धावपळ होत नाही.

एक काम मात्र राहते. उतरण्याच्या स्टेशनवरही खुर्ची लागेल. तिथल्या लेकीला आजच डब्याचा क्रमांक कळवा, म्हणजे ती खुर्ची घेऊन त्याच दारासमोर उभी राहील.