सौंसरची सोयरीक आणि पहिल्या चॅटमधली मतं

सौंसर आणि पांढुर्णा मध्यप्रदेशात आहेत, पण इथल्या सोयरिकी सावनेर, काटोल, नरखेड, वरूड, नागपूर अशा मराठी मुलखात सतत जुळतात. भोपाळपेक्षा नागपूर कितीतरी जवळ आहे. पूर्वी मुला-मुलीचं पहिलं बोलणं मोठ्यांच्या देखत होई. आता बायोडाटा पोचतो, दोन्हीकडचे वडील होकार देतात, मध्यस्थ मामा नंबर देतात आणि दोन अनोळखी माणसं व्हॉट्सॲपवर बोलू लागतात. पहिल्या आठवड्यातच कुणीतरी एखादं मत टाकतं आणि समोरचा थबकतो. अशा वेळी काय करावं याबद्दल जे सल्ले दिले जातात, त्यातले बरेच चुकीच्या समजावर उभे आहेत.

गैरसमज : नाजूक विषय म्हणजे पक्ष आणि निवडणूक, ते टाळले की झालं.

या पट्ट्यात पक्षावरून लोक चहाच्या टपरीवर मोकळेपणाने भांडतात आणि सोबतच घरी जातात. दुखतं ते वेगळ्याच ठिकाणी. नागपूरचा मुलगा सहज लिहितो, "तुमच्याकडे ती दगडफेकीची जत्रा असते ना? कसले लोक आहेत!" त्याच्या दृष्टीने ही गंमत आहे. पांढुर्ण्याच्या मुलीसाठी गोटमार म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत रोवलेलं पळसाचं झाड आणि त्यावरचा झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. दरवर्षी माणसं जखमी होतात आणि आजवर मृत्यूही झाले आहेत. तिच्या घरातलं कुणी त्यात खेळलेलं असेल, कुणाच्या डोक्याला टाकेही पडले असतील. ती स्वतः या प्रथेच्या विरोधात असू शकते, तरी परक्याच्या तोंडचं "कसले लोक" तिला लागतंच.

सौंसरचंही तसंच. 2020 च्या फेब्रुवारीत गावात बसवलेला शिवछत्रपतींचा पुतळा प्रशासनाने हटवला, त्यावर आंदोलन झालं आणि प्रकरण राज्याच्या राजकारणात गेलं. बाहेरच्याला ही जुनी बातमी वाटेल. गावातल्याला मात्र आपला शेजारी तेव्हा कोणत्या बाजूला उभा होता, हे अजून आठवतं.

म्हणून कोणता विषय नाजूक आहे हे विषयाच्या नावावरून कळत नाही. त्या वाक्यात समोरच्याचं घर, गाव, शाळा किंवा जात येते का, एवढं पाहिलं तर कळतं. "गोटमारबद्दल तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" हा प्रश्न त्याच विषयावरचा आहे, तरी तो विचारता येतो, कारण त्यात निकाल आधीच लावलेला नाही.

गैरसमज : विषय वळवणं म्हणजे पळ काढणं किंवा खोटं वागणं.

यासाठी एक प्रसंग पूर्ण पाहू. मुलगी सौंसरची. घरी मराठी, शाळा हिंदी माध्यमाची, नोकरीतलं सगळं लिखाण हिंदीत. मुलगा नागपूरचा. महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचा शासन निर्णय एप्रिल 2025 मध्ये निघाला, जूनमध्ये त्यात बदल झाला, आणि 29 जूनला सरकारने दोन्ही निर्णय रद्द केल्याचं जाहीर केलं. तो वाद डोक्यात ठेवून मुलगा लिहितो, "या हिंदीवाल्यांनी आपल्या भाषेची वाट लावली. बरोबर ना?"

इथे दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. पहिलीच्या मुलावर तीन भाषा टाकाव्यात का, हे धोरणावरचं मत झालं. त्यावर दोघांचं जमेल किंवा जमणार नाही. "हिंदीवाले" हे मात्र माणसांवरचं बोट आहे, आणि ते तिच्यावरही रोखलेलं आहे, हे त्याच्या ध्यानात आलेलं नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातल्या सौंसर-पांढुर्ण्यासकट, मध्यप्रदेशात राहिला. त्याआधी दोघांच्या आजोबांची राजधानी एकच होती, नागपूर. ती हिंदीत शिकली ती त्या रेषेमुळे. पांढुर्णा जिल्हा 2023 मध्ये वेगळा झाला, तरी कचेरीची भाषा हिंदीच राहिली.

तिच्यापुढे तीन वाटा आहेत. "हाव ना" म्हणून सोडून देणं ही पहिली. पण पुढच्या वेळी तो याच सुरात आणखी पुढे जाईल आणि तेव्हा तिला मागे येणं कठीण होईल. दुसरी वाट म्हणजे 1956 पासूनचा इतिहास दहा मेसेजमध्ये लिहून काढणं. तिसरी वाट अशी :

"माझी शाळा हिंदीच होती, म्हणून मला ते जरा वेगळं वाटतं. पण घरी आजीशी मराठीशिवाय चालतच नाही. तुमच्याकडे आजी-आजोबा कसं बोलतात, नागपुरी की वऱ्हाडी?"

पहिल्या वाक्यात तिने असहमती सांगितली आहे आणि ती स्वतःच्या अनुभवातून सांगितली आहे, त्यामुळे खोडायला काही उरत नाही. दुसऱ्या वाक्यात दोघांना जोडणारी खरी गोष्ट आहे. तिसरा प्रश्न भाषेचाच आहे, फक्त वादातून घराकडे वळलेला. एकदम "जेवण झालं का?" असं विचारलं असतं तर समोरच्याला दार लावल्यासारखं वाटलं असतं. शेजारच्या विषयावर गेलं की तो मागे हटल्यावाचून सोबत येऊ शकतो.

त्याच्या पुढच्या मेसेजवरून बरंच कळतं. "अरे, हे माझ्या लक्षात नाही आलं, मग मराठी लिहायला कुठे शिकलात?" असं आलं तर विषय नाजूक असूनही चालू ठेवायला हरकत नाही. मिळालेल्या उत्तरावरूनच पुढचा प्रश्न विचारणारी माणसं अधिक आवडतात, हे 2017 साली हार्वर्डच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात दिसलं आहे. उलट तो स्वतःचे शब्द सोडून एखादा फॉरवर्ड पाठवत असेल, तर थांबावं. फॉरवर्डशी संवाद होत नाही. त्याला उत्तर द्यायला लागलात की तिसऱ्याच माणसाशी भांडण सुरू होतं. तेव्हा सरळ लिहावं, "यावर भेटलो की बोलू, टाइप करून नको." तरीही तिसऱ्यांदा तेच आलं, तर प्रश्न भाषेचा उरत नाही. "नको" म्हटलेलं त्याला ऐकू येतं का, याचं उत्तर तिला मिळालेलं असतं आणि ते मामांच्या कानावर घालण्यासारखं असतं.

गैरसमज : समोरून "हो" आलं म्हणजे पटलं.

असहमती माणसं क्वचितच सरळ बोलतात. अनिता पोमरँट्झ या संवाद-अभ्यासक बाईंनी 1984 साली दाखवलं की सहमती चटकन आणि मोकळी येते, तर असहमती उशिरा येते आणि आधी थोडं मान्य करून येते. आपल्याकडचं "तसं बरोबर आहे, पण..." हेच. जगातल्या दहा भाषांच्या 2009 सालच्या अभ्यासात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढं निघालं. म्हणूनच समोरासमोर एका सेकंदाची शांतताही जाणवते.

चॅटवर ही खूण बुडते. वीस मिनिटं उत्तर आलं नाही याचा अर्थ राग असेल किंवा गॅसवर कुकर असेल. म्हणून वेळेपेक्षा लांबी पाहावी. आतापर्यंत दोन-तीन ओळी लिहिणारी व्यक्ती तुमच्या मतानंतर "हाव", "बघू", "असेल" किंवा नुसता अंगठा यावर आली आणि तिचे प्रश्न थांबले, तर विषय तिला जड जातोय. "मी जरा जास्तच बोललो का?" असं विचारून तिला अडचणीत टाकू नये, कारण त्याला "नाही नाही" असंच उत्तर येतं. आपणच शेजारच्या विषयावर जावं.

गैरसमज : लिहून मुद्दा जास्त नीट पोचतो.

अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लोकांना गंभीर आणि उपरोधिक वाक्यं ईमेलने पाठवायला सांगितली होती. वाचणाऱ्याला आपला सूर सुमारे 78 टक्के वेळा कळेल असं पाठवणाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात कळला 56 टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरं. 2017 च्या आणखी एका अभ्यासात न पटणारं मत वाचणाऱ्यांना मत मांडणारा कमी विचारी वाटला. तेच मत त्याच्या आवाजात ऐकणाऱ्यांना तो अधिक समजूतदार वाटला.

तेव्हा मत मांडायचंच असेल तर फोन लावावा. शिवाय स्थळाच्या चॅटमध्ये वाचणारा एकटा नसतो. बहीण वाचते, वहिनी वाचते, स्क्रीनशॉट काकांच्या फोनवर जातो आणि तिथे सूर हरवलेलं एकच वाक्य उरतं.

गैरसमज : म्हणून लग्न ठरेपर्यंत मताचं काही बोलूच नये.

हा सगळ्यात महागात पडणारा समज आहे, आणि घरातली वडीलधारी मंडळी तो प्रेमाने पसरवतात. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनोळखी माणसांना वादग्रस्त राजकीय विषयावर बोलायला बसवलं. बोलणं किती वाईट जाईल याचा त्यांनी आधी अंदाज दिला. प्रत्यक्षात ते अंदाजापेक्षा बरंच चांगलं गेलं, आणि मतं वेगळी असलेल्यांच्या बाबतीत अंदाज जास्त चुकला. ही माणसं अमेरिकेतली होती आणि त्यांच्या बोलण्यावर कुणाचं लग्न ठरणार नव्हतं. सोयरिकीला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. पण "काढलं की बिघडणारच" ही भीती वास्तवापेक्षा मोठी असते, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

माझ्या मते मतांचे दोन ढीग करावेत. पुतळा, विदर्भ राज्य, हिंदीचा निर्णय, कोणत्या पक्षाला मत दिलं, हे सगळं थांबू शकतं. यावर मतभेद असूनही संसार नीट चालतात. हुंड्याबद्दल काय वाटतं, लग्नानंतर नोकरी चालू राहील का, घरात कोणाच्या हातचं पाणी चालत नाही असं अजून मानतात का, हे थांबू शकत नाही. हे प्रश्न चॅटवर काढू नयेत, पण साखरपुड्याआधीच्या भेटीत, दोघांना बोलायला वेगळं बसवतात तेव्हा, नक्की विचारावेत. "माझ्या घरी असं आहे, तुमच्याकडे कसं?" असं स्वतःपासून सुरू केलं की पोलीस चौकशी वाटत नाही.

आणि पहिल्याच आठवड्यात कुणी एखाद्या जातीबद्दल किंवा धर्माबद्दल घाण शब्द वापरला, तर तिथे विषय वळवण्याचं कौशल्य दाखवू नये. शेजारचा विषय शोधलात तर त्याला ती संमती वाटेल. "हा शब्द मला चालत नाही" एवढंच लिहावं, आजीबद्दलचा प्रश्न न जोडता, आणि पुढचं बोलणं त्याच्या उत्तरावर सोडावं. माफी आली आणि तो शब्द पुन्हा आला नाही, तर स्थळ पाहता येईल. "गंमत होती" असं उत्तर आलं, तर त्याच दिवशी घरी सांगून नकार कळवावा. मामांना कारण सांगताना तो मेसेज दाखवायला लाजू नये.