भरीत ते मांडे, एका ईमेलमध्ये

‘खानदेशी पदार्थांवर लिहू इच्छिते’ एवढंच लिहिलं, तर संपादकाला मालिका दिसत नाही. समजा, जळगावची एखादी गृहिणी विषयाच्या ओळीतच लिहिते : ‘भरीत ते मांडे : सहा खानदेशी पाककृती’. मग पुढचं वाचावंसं वाटतं.

पहिल्या परिच्छेदात फक्त भरीत यावं. हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून लाकडी बडजीत ठेचतात. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे. फ्लॅटमधल्या वाचकाने ते गॅसवर कसं करावं, हेही सांगावं, कारण संपादक नेमकं तेच विचारणार.

कळण्याची भाकरी, शेवभाजी, डाळगंडोरी, फौजदारी डाळ, मांडे यांना एकेक ओळ पुरे.

सोबत एक पाककृती पूर्ण जोडावी. चार वांग्यांना मिरच्या किती, हे मोजून लिहावं. ‘अंदाजाने’ लिहिलं की ती करून पाहिलेली वाटत नाही.